मदत हवी आहे: बोनस अपेक्षेपेक्षा बराच कमी आलाय, टीमला कसं सांगू?

मधली_पायरी:
नमस्कार. आठ जणांची टीम सांभाळते. वर्षअखेरच्या बोनसचे आकडे काल हातात आले आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे.

आमची पद्धत अशी: प्रत्येकाचा ठरलेला बोनस वार्षिक पगाराच्या १० टक्के. त्याला आधी कंपनीच्या निकालाचा गुणक लागतो, मग त्या माणसाच्या कामाचा. कंपनीचा गुणक गेल्या वर्षी १.१ होता, यंदा ०.६. गुरुवारी सकाळी १० वाजता पत्रं सगळ्यांना पोर्टलवर दिसतील. त्याआधी मी एकेकाशी बोलायचंय.

एचआरने मसुदा पाठवलाय. "आव्हानात्मक वर्षातही कंपनीने आपल्या योगदानाची दखल घेतली आहे." हे माझ्या तोंडून निघालं तर पुढे वर्षभर माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. त्यात तीनच महिन्यांपूर्वी विक्रमी विक्री झाली म्हणून सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. आणि मीही तेव्हा कॉफी घेताना बोलून गेले, "यंदा काळजी नको." ते आता खुपतंय.

दोन माणसं डोळ्यांसमोर आहेत. एकीचा कामाचा गुणक मी १.२ दिलाय, टीममधला सर्वांत वरचा. दुसऱ्याचा ०.८. दोघांना काय सांगू?

उगाच_भटक:
वाईट वाटलं वाचून. ०.६ म्हणजे तोंडाला पानं पुसणंच. लेखी जाब विचारा आणि गुपचूप दुसरीकडे मुलाखती सुरू करा.

मधली_पायरी:
अहो, मला माझ्या बोनसबद्दल नाही विचारायचंय, टीमला सांगायचंय. (माझाही कमी झालाय, पण ते राहू दे.)

उगाच_भटक:
ओह. मग मुलाखती टीम सुरू करेल.

सरळसोट:
एकेकट्याला बोलावून वातावरण कशाला गंभीर करायचं? सगळ्यांना एकत्र बसवा, ०.६ सांगा, नफा कमी झाला हे सांगा, पंधरा मिनिटांत विषय संपवा. फटका सगळ्यांनाच बसलाय. "याचा तुमच्या कामाशी संबंध नाही" म्हटलं की कोणी मनाला लावून घेत नाही.

जुनी_खतावणी:
पगार आणि बोनसच्या गणितातच माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळसोट यांचं अर्धं बरोबर आहे. ०.६ आणि त्यामागचं कारण सगळ्यांसाठी एकच आहे, ते एकत्र सांगायला हरकत नाही. पण "तुमच्या कामाशी संबंध नाही" हे वाक्य एकीच्या बाबतीत खरं आणि दुसऱ्याच्या बाबतीत खोटं आहे. गोची तिथेच होते.

दोघांचा वार्षिक पगार १०० धरा, म्हणजे ठरलेला बोनस १०. तिचा कामाचा गुणक गेल्या वर्षी किती होता?

मधली_पायरी:
१.१.

जुनी_खतावणी:
मग गेल्या वर्षी तिला १०चे १२.१ मिळाले. यंदा १० × ०.६ × १.२, म्हणजे ७.२. काम आणखी चांगलं आणि हातात जवळपास ४० टक्के कमी. तिला "अभिनंदन, सर्वांत वरचा गुणक!" अशी सुरुवात केलीत तर पुढचा आकडा ऐकून तिला चेष्टा वाटेल. आधी आकडा सांगा: "तुझा बोनस ७.२ टक्के आहे, गेल्या वर्षीपेक्षा बराच कमी." मग थांबा. ती गप्प राहिली तर ती शांतता भरून काढायला जाऊ नका. गुणकाचं नंतर सांगा. आणि हे आकडे कर कापण्याआधीचे आहेत, हेही तिथेच सांगा. नाहीतर खात्यात रक्कम पडली की दुसरा धक्का बसतो.

आता तो. १० × ०.६ म्हणजे ६, त्याला ०.८ लावले की ४.८. गेलेल्या ५.२ पैकी ४ कंपनीच्या निकालामुळे गेले, १.२ त्याच्या कामामुळे. हे दोन तुकडे त्याला वेगळे करून दाखवा. सगळं खापर कंपनीवर फोडणं सोपं आहे, आणि बहुतेक मॅनेजर तेच करतात. पण पुढच्या वर्षी कंपनीचा गुणक १ झाला आणि याला तरी ८च मिळाले, की तो विचारेल, "मला तेव्हा का नाही सांगितलं?"

पावसाळी_बूट:
माझी गोष्ट थोडी वेगळी, पण सांगते. मला कळलं थेट पगारपत्रकावरून. विचारायला गेले तर मॅनेजर म्हणाला, "मी तुझ्यासाठी वर खूप भांडलो." मला भरून आलं होतं. सहा महिन्यांनी समजलं की माझा आकडा त्याने स्वतःच भरला होता. कमी बोनस मी कधीच विसरले, ते वाक्य नाही विसरले.

जुनी_खतावणी:
मधली_पायरी, हे चिकटवून ठेवा. ०.६ तुम्ही ठरवलेला नाही, ०.८ तुम्ही ठरवलाय. त्याच्यापुढे "मी ठरवला" हे शब्द आले पाहिजेत.

मधली_पायरी:
हे लागलं, पण पटलं. विक्रमी विक्रीचं काय सांगू? पहिला प्रश्न तोच येणार.

जुनी_खतावणी:
तुमच्याकडे बोनस विक्रीवर ठरतो की नफ्यावर, ते आधी नियमात बघा. नफ्यावर असेल तर विक्री वाढूनही गुणक पडू शकतो: सवलती देऊन माल खपवला, खर्च वाढला. नेमकं कारण वरून विचारून घ्या, अंदाज सांगू नका. वरिष्ठांचे बोनस कापले का, हाही प्रश्न येईल, त्याचंही उत्तर आजच मागा. आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणू नका. तुमचं "काळजी नको" अजून कोणीतरी लक्षात ठेवून असेल, ते आपणहून काढा: "मी तेव्हा माहिती नसताना बोलले."

सरळसोट:
माझाही बोनस कापला गेलाय, हे तरी सांगावं ना? एका होडीत आहोत असं वाटतं.

जुनी_खतावणी:
कोणी विचारलं तर हो म्हणावं. आपणहून काढलं की समोरच्यालाच तुमचं सांत्वन करत बसावं लागतं.

सरळसोट:
नाही पटत. माझ्या मॅनेजरने सांगितलं होतं, मला बरं वाटलं होतं.

मधली_पायरी:
बुधवार, रात्र. सात जणांशी बोलून झालं. सगळ्यांना एकाच दिवशी गाठलं, नाहीतर दुपारपर्यंत गटात कुजबुज सुरू झाली असती.

तिने आकडा ऐकून वही मिटली आणि म्हणाली, "म्हणजे मी १.० वर असते तरी ६ मिळालेच असते. वर्षभराच्या धावपळीचे १.२." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सोमवारी पुन्हा बोलायचं ठरवलंय.

त्याने मात्र मला कोंडीत पकडलं. "०.८ का? मधल्या आढाव्यात तर तुम्ही ठीक चाललंय म्हणाला होतात." उशिरा गेलेली दोन कामं मी सांगितली. ती त्याला मान्य आहेत. पण तेव्हा मी बोलले नव्हते, हे मलाही मान्य करावं लागलं. आकडा आता बदलता येत नाही. हे त्याच्यावर अन्यायाचं झालं का, मला अजून ठरवता येत नाहीये.

आठवा माणूस रजेवर आहे आणि उद्या १० वाजता पत्र दिसणार. मेसेज टाकू?

पावसाळी_बूट:
फोन. "बोनसबद्दल पाच मिनिटं बोलायचंय, आत्ता चालेल का?" नको म्हणाला तर फोन ठेवा, पण पत्र १० वाजता दिसेल एवढं सांगून.