मदत हवी आहे: फूरिए श्रेणीतून Σ 1/n² काढताना ऊर्जेच्या समीकरणातले बरोबरचे चिन्ह कुठून येते?

सुरंगी (गुहागर)

नमस्कार. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला गणित शिकते आहे आणि वर्गातील सादरीकरणासाठी 1 + 1/4 + 1/9 + 1/16 + … ही बेरीज निवडली आहे. ऑयलरने 1730च्या दशकात तिचे उत्तर π²/6 असे काढले हे सर्वांना ठाऊक असते. मला मात्र ते त्याच्या मार्गाने न मांडता फूरिए श्रेणी आणि पार्सेव्हलची सर्वसमिका यांच्या आधारे मांडायचे आहे. आकडेमोड सरळ आहे. −π ते π या अंतरात f(x) = x घेतले, तर फल विषम असल्यामुळे फक्त साइनचे सहगुणक उरतात आणि एकदा खंडशः इंटिग्रल केले की

```
x ~ 2 ( sin x − sin 2x / 2 + sin 3x / 3 − … )
bₙ = 2(−1)ⁿ⁺¹ / n
(1/π) ∫ x² dx = 2π²/3 = Σ bₙ² = 4 Σ 1/n²
```

असे मिळते, म्हणजेच Σ 1/n² = π²/6 = 1.644934…. ताळा म्हणून पहिल्या 10 पदांची बेरीज केली, ती 1.549768 आली, आणि 100 पदांची 1.634984. बेरीज फार सावकाश सरकते, पण दिशा बरोबर दिसते.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली अशी की x = π ठेवल्यावर श्रेणीचे प्रत्येक पद शून्य होते, फलाची किंमत मात्र π आहे. जी श्रेणी टोकाला फलाशी जुळतच नाही, तिच्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज फलाच्या वर्गाच्या इंटिग्रलशी तंतोतंत कशी जुळते? दुसरी शंका मला अधिक छळते आहे. बेसेलची असमानता मला सिद्ध करता येते, पण तिच्यातून Σ 1/n² ≤ π²/6 एवढेच हाती लागते. "पेक्षा जास्त नाही" याचे "बरोबर" कशाच्या बळावर होते? पुस्तकात त्या ठिकाणी "पार्सेव्हलवरून" एवढेच लिहिलेले आहे.

खाडीवरचा (दाभोळ)

सुरंगीताई, पहिल्या शंकेने अडून बसू नये. इंटिग्रलला एकटा बिंदू दिसत नाही. x = π येथे फलाची किंमत बदलून शून्य केली, तरी ∫x² तेवढेच राहते आणि एकही सहगुणक हलत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तरही छोटे आहे. पहिल्या N पदांची आंशिक बेरीज S_N म्हणू. चुकीची ऊर्जा, म्हणजे ∫(x − S_N)², ही उरलेल्या पदांच्या ऊर्जेइतकी असते, म्हणजेच 4π(1/(N+1)² + 1/(N+2)² + …). ही शेपटी साधारण 4π/N एवढी आहे आणि N वाढला की शून्याकडे जाते. चूक शून्यावर गेली की असमानतेची समानता होते.

सुरंगी (गुहागर)

दादा, मनापासून आभार. पहिला मुद्दा पटला. दुसऱ्या ठिकाणी मात्र मी थांबले. चुकीची ऊर्जा उरलेल्या पदांच्या ऊर्जेइतकी असते हे वाक्य मी कागदावर मांडून पाहिले, तर मला फक्त

∫(x − S_N)² = 2π³/3 − 4π(1 + 1/4 + … + 1/N²)

एवढेच मिळते. याची उजवी बाजू शेपटीइतकी आहे असे म्हणायचे, तर संपूर्ण बेरीज π²/6 आहे हे आधीच माहीत असावे लागेल, आणि सिद्ध तर तेच करायचे आहे.

जुना_मास्तर (रत्नागिरी)

सुरंगी, तुम्ही बोट अगदी नेमक्या जागी ठेवले आहे. खाडीवरच्यांचा पहिला परिच्छेद बरोबर आहे, दुसरा वर्तुळात फिरतो. 4π/N हा अंदाज खरा असला, तरी तो निकालानंतर मिळतो, निकालाआधी वापरता येत नाही.

आधी टोकाशी काय घडते ते पाहू, कारण चूक कुठे साचते ते तिथे कळते. −π ते π मधला x पुढे पुन्हा पुन्हा जोडत नेला, तर प्रत्येक जोडावर आलेख π वरून −π वर उडी घेतो. साइनच्या लहरी सलग असल्यामुळे त्यांना ती उडी झेपत नाही. त्यामुळे S_N चा आलेख टोकाच्या किंचित अलीकडे, साधारण x = π − π/N जवळ, 3.70 पर्यंत चढतो आणि मग शून्यावर कोसळतो. हा सुमारे 0.56 चा जादा उंचवटा N कितीही वाढवला तरी बुटका होत नाही. फक्त तो अरुंद होतो आणि टोकाकडे सरकतो. म्हणजे "सर्वात मोठी चूक किती" असे विचारले तर उत्तर सुधारत नाही, पण "चुकीच्या वर्गाचे क्षेत्रफळ किती" असे विचारले तर ते सुधारते, कारण उंची बांधलेली आहे आणि रुंदी आटते आहे. ऊर्जेचे समीकरण दुसराच प्रश्न विचारते. हे चित्र म्हणून ठीक, सिद्धता वेगळी हवी.

ती अशी. साइन-कोसाइनच्या N पर्यंतच्या जेवढ्या बेरजा करता येतात, त्या सर्वांत वर्गाच्या अर्थाने x ला सर्वात जवळची बेरीज S_N हीच असते. तुम्ही बेसेल सिद्ध केले आहे, म्हणजे हे तुमच्या हाताखालून गेलेलेच आहे. म्हणून S_N शी झटापट करायची गरजच नाही. कोणतीही एक चांगली बेरीज P दाखवता आली, की S_N तिच्याहून वाईट असूच शकत नाही.

P मिळवण्यासाठी उडी बुजवून घ्या. एक छोटा δ निवडा. g(x) हे मध्यभागी x च ठेवा, पण π − δ च्या पुढे ते सरळ रेषेने उतरवून π वर शून्य करा, आणि डाव्या टोकालाही तसेच करा. आता g जोडावरही सलग आहे. f आणि g फक्त 2δ एवढ्या लांबीवर वेगळे आहेत आणि तिथेही फरक π हून जास्त नाही, म्हणून ∫(f − g)² ≤ 2π²δ. फेजेरने 1900 साली दाखवले की सलग आवर्ती फलाच्या आंशिक बेरजांची सरासरी घेतली, तर ती सर्वत्र एकसारखी त्या फलाकडे जाते. म्हणून g पासून प्रत्येक बिंदूवर ε हून कमी अंतरावर राहणारी बेरीज P मिळते, आणि ∫(g − P)² ≤ 2πε². (a + b)² ≤ 2a² + 2b² हे वापरले की

∫(f − P)² ≤ 4π²δ + 4πε².

आता P मध्ये जेवढी पदे आहेत तेवढा किंवा त्याहून मोठा N घ्या. तुम्ही लिहिलेली उजवी बाजू या आकड्याहून मोठी असू शकत नाही. 4π ने भागा:

π²/6 − (1 + 1/4 + … + 1/N²) ≤ πδ + ε².

δ आणि ε तुमच्या हातात आहेत, म्हणून तूट हवी तेवढी लहान होते. बरोबरचे चिन्ह इथून येते. शेपटीबद्दल आपण कुठेही काही गृहीत धरलेले नाही.

बंदर_हर्णै

मी मासळीच्या धंद्यातला, पण बीएस्सी झालेला आहे. भरतीचे तक्तेही अशाच लहरी मिसळून बनवतात. चंद्राची मुख्य लहर 12.42 तासांची आणि सूर्याची 12 तासांची. मग एका दिवसाच्या पाण्याच्या चढउताराची ऊर्जा म्हणजे दोन्हींच्या वर्गांची बेरीज, असे धरायचे का? तसे धरले तर उधाणाचा आणि भांगाचा दिवस सारखाच निघतो, आणि आमच्या धक्क्याच्या पायऱ्या तर वेगळेच सांगतात.

जुना_मास्तर (रत्नागिरी)

तुमचा प्रश्न धाग्याच्या विषयापासून जरा बाजूला आहे, पण त्यात या समीकरणाचा कणा आहे. वर्गांची नुसती बेरीज तेव्हाच चालते, जेव्हा दोन वेगळ्या लहरींच्या गुणाकाराचे इंटिग्रल शून्य होते. sin 2x आणि sin 3x यांचे −π ते π मध्ये तसे होते, कारण त्या अंतरात दोघींचेही पूर्ण फेरे बसतात. 12 आणि 12.42 तासांच्या लहरींचे एका दिवसात तसे होत नाही. लहरींची उंची a आणि b असेल, तर उधाणाच्या दिवशी वर्गाची सरासरी जवळपास (a + b)²/2 असते आणि भांगाच्या दिवशी (a − b)²/2. मधला ab चा भाग सुमारे 14.77 दिवसांच्या एका पूर्ण चक्रावर सरासरी घेतली की नाहीसा होतो आणि (a² + b²)/2 उरते. तुमच्या पायऱ्या बरोबर सांगतात. एका दिवसावर हे समीकरण लावायचेच नसते.

सुरंगी, तुमच्यासाठी एक इशारा. वर्गात कोणी 0 ते 2π या अंतरात f(x) = x घेतले, तर स्थिर पदही येते. तिथे a₀ = 2π आणि समीकरणात a₀²/2 लिहायचे असते. नुसते a₀² लिहिले, तर 4 Σ 1/n² = 8π²/3 − 4π² होते आणि बेरीज −π²/3 येते. धन संख्यांची बेरीज ऋण आली की अर्ध्याचा घोळ झाला हे ओळखावे. a₀²/2 घेतले की 8π²/3 − 2π² = 2π²/3, आणि उत्तर जागेवर येते.

खाडीवरचा (दाभोळ)

वर्तुळाचा मुद्दा मान्य. पण तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फेजेर आणायचा, तर तो तरी सिद्ध नको का करायला? त्यापेक्षा x² ची श्रेणी घ्यावी. x² = π²/3 + 4 Σ (−1)ⁿ cos nx / n², त्यात x = π ठेवले की π² − π²/3 = 4 Σ 1/n², आणि काम झाले. इथे उडी नाही, ऊर्जाही नाही.

जुना_मास्तर (रत्नागिरी)

उत्तर बरोबर येते आणि अभिसरणही एकसारखे आहे. पण ती श्रेणी ज्या फलाकडे जाते ते फल x² च आहे, दुसरे कोणते नाही, हे सांगायला डिरिक्लेचा 1829 चा निकाल किंवा पुन्हा फेजेरच लागतो. ओझे टळत नाही, ते दुसरीकडे जाते. माझे मत असे की सादरीकरणात फेजेरचे विधान स्पष्ट लिहून वापरावे आणि सिद्धता विचारली तरच द्यावी. खाडीवरच्यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

खाडीवरचा (दाभोळ)

नाहीच पटत. डिरिक्ले अभ्यासक्रमात असतो, फेजेर पुष्कळदा नसतो. मुलांनी जे शिकले आहे त्यावरच उभे राहावे.

सुरंगी (गुहागर)

सरांची मांडणी मी δ = 0.001 घेऊन तपासली. πδ सुमारे 0.00314 होते, म्हणजे ε पुरेसा लहान असेल तर तूट साधारण तेवढ्याच्या आत राहते, मात्र त्यासाठी N किती मोठा लागेल हे या मार्गाने कळत नाही. ते ताळ्यातून दिसते: 100 पदांनंतर अजून 0.00995 बाकी आहे.

दादांच्या x² लाही मी ऊर्जेचे समीकरण लावून पाहिले. इथे a₀ = 2π²/3 आहे, म्हणून 2π⁴/5 − 2π⁴/9 = 16 Σ 1/n⁴, आणि Σ 1/n⁴ = π⁴/90 मिळाले. फल सलग असल्यामुळे या वेळी g ची गरज पडली नाही, फेजेर थेट लागला.

यावरून एक प्रश्न उरतो. Σ 1/n³ साठी सहगुणक n च्या दीड घाताच्या व्यस्तात हवेत, म्हणजे bₙ = 1/(n√n). अशी श्रेणी ज्या फलाची आहे, त्याच्या वर्गाचे इंटिग्रल हाताने काढता येईल असे काही सूत्र कोणी पाहिले आहे का?