मदत हवी आहे: कुवेतच्या नोकरीसाठी दिलेला पोलिसांचा दाखला परत आला, पासपोर्ट ऑफिसची पीसीसी कोणत्या पत्त्यावरून काढू?

चंद्रभागेकाठचा
नमस्कार मंडळी. मी एसी टेक्निशियन आहे. कुवेतच्या एका कंपनीत निवड झाली, मेडिकलही झालं. एजंट फोनवर एवढंच म्हणाला, "पोलीस क्लिअरन्स काढून ठेव." मी गावच्या पत्त्यावर ऑनलाइन अर्ज केला आणि सोलापूर ग्रामीण पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढला. त्यावर फोटो, सही, शिक्का सगळं आहे. त्यासाठी दोनदा सुट्टी टाकून गावी गेलो. काल एजंटने तो परत केला. म्हणे हा चालत नाही, पासपोर्ट ऑफिसची पीसीसी पाहिजे.

पासपोर्ट 2019 चा आहे आणि त्यावर पंढरपूर तालुक्यातल्या गावाचा पत्ता आहे. गेले 14 महिने मी चिंचवडला भाड्याने राहतो. दोन्ही कागदांत नेमका फरक काय? आणि अर्जात पत्ता गावचा टाकू की चिंचवडचा? हातात महिनाभर आहे. घरचं सगळं या नोकरीवर ठरलंय, म्हणून कळकळीने विचारतोय.

राजाभाऊ_६२
अहो, फरक काही नाही. पासपोर्ट ऑफिस तरी कुणाला विचारतं? त्याच पोलीस ठाण्याला. आहे त्या दाखल्याची नोटरी करून द्या, चालून जाईल. माझ्या पुतण्याला कंपनीत लागताना असाच दाखला चालला होता.

टेबल_पासपोर्टचं
राजाभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. चौकशी ठाण्यातच होते. पण पुतण्याची कंपनी इथलीच असणार.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं ठाण्यात पासपोर्टचंच टेबल माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चारित्र्य पडताळणीचा दाखला जिल्ह्याचे पोलीस किंवा आयुक्तालय देतं. त्याचा अर्थ एवढाच की आमच्या रेकॉर्डला या माणसावर गुन्हा नाही. सिक्युरिटीची नोकरी, कंत्राटी काम, रिक्षाचा बॅज अशा इथल्या कामांसाठी तो असतो. त्यावरून बाहेरच्या देशाला हा माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच आहे हे कळत नाही, आणि सही करणारा अधिकारी कोण हेही त्यांना ठाऊक नसतं.

पीसीसीवर सही पासपोर्ट अधिकाऱ्याची असते. त्यात तुमचा पासपोर्ट नंबर असतो, देशाचं नाव असतं, आणि त्या देशाचा व्हिसा मिळण्यास आड येईल अशी प्रतिकूल माहिती नाही, अशा अर्थाचा मजकूर असतो. पोलिसांचा रिपोर्ट फक्त आतून पासपोर्ट ऑफिसला जातो, तो तुमच्या हातात येत नाही. देशाचं नाव असल्यामुळे कुवेतसाठी काढलेली पीसीसी उद्या कतारला वापरता येणार नाही. अर्ज भरताना देश नीट बघून निवडा.

तेव्हा नोटरीवर पैसे घालवू नका. नोटरीने पोलिसांचा कागद पासपोर्ट ऑफिसचा होत नाही.

सायली_निगडी
माझ्या पासपोर्टच्या नूतनीकरणाचं पोलीस व्हेरिफिकेशन तीन आठवडे अडकलंय. त्यासाठी पण ही पीसीसी लागते का?

टेबल_पासपोर्टचं
नाही ताई, ते वेगळं. तुमच्या अर्जाचं स्टेटस 'Track Application Status' मध्ये बघा. फाइल ठाण्यात आहे की पुढे गेली, ते कळेल.

विजू_वेल्डर
चंद्रभागेकाठच्या दादा, पत्त्याचं मात्र काळजीपूर्वक करा. माझे यातच दोन महिने गेले. मी राहायला भोसरीत, पण पासपोर्टशी जुळावा म्हणून अर्जात गावचा पत्ता टाकला. बीटचा हवालदार घरी गेला. शेजारच्या काकूंनी खरं तेच सांगितलं, "तो पुण्याला असतो, सणाला येतो." रिपोर्ट गेला: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. माझ्यावर एकही गुन्हा नाही, तरी फाइल अडकली. पासपोर्ट ऑफिसला खेटे घातले, लेखी खुलासा दिला, मग चौकशी पुन्हा भोसरीला आली.

टेबल_पासपोर्टचं
विजूभाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. असे रिपोर्ट मी स्वतः पाठवलेत आणि दर वेळी वाईट वाटायचं, कारण पोराची चूक फक्त पत्त्याची असायची. सध्याचा पत्ता म्हणजे तुम्ही आज जिथे झोपता तो. तुमच्या बाबतीत चिंचवड.

passportindia.gov.in वर लॉगिन करून 'Apply for Police Clearance Certificate' निवडा. फी 500 रुपये. अपॉइंटमेंटला मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, नोंदणी केलेला भाडेकरार आणि कंपनीचं ऑफर लेटर न्या. पत्ता आणि आधीची पडताळणी जुळली तर काहींना त्याच दिवशी पीसीसी मिळते. तुमचा पत्ता बदललाय, म्हणून चौकशी निघेल असंच धरून चला. ती तुमच्या भागाच्या ठाण्यात येईल, आणि तिथला कागद पिंपरी-चिंचवड आयुक्तालयामार्फत पुढे जाईल. घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली आहे का, ते आजच विचारा. नसेल तर आधी ती द्यायला लावा. चौकशीला येणारा पहिल्यांदा तेच बघतो.

मीनल_कागदपत्रं
मी नोकरभरतीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. पीसीसी हातात आली की काम संपलं असं समजू नका. कुवेतसाठी त्यावर आधी परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग कुवेतच्या दूतावासाचा शिक्का लागतो. कुणी 'अपोस्टिल करून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. अपोस्टिल हेग करारातल्या देशांसाठी असतं, कुवेत त्यात नाही. तुमच्या महिन्यात या शिक्क्यांचे दिवसही मोजा.

एका मुद्द्यावर मात्र मी टेबलकाकांइतकी निश्चिंत नाही. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर आमच्या काही मुलांना खिडकीवर सांगितलं गेलं, "आधी पत्ता बदलून नवा पासपोर्ट काढा." काहींचं काम फक्त भाडेकरारावर झालं.

टेबल_पासपोर्टचं
हे मीही ऐकलंय. माझं टेबल ठाण्यातलं होतं, खिडकीवर काय होतं ते मला दिसत नव्हतं. म्हणून अपॉइंटमेंटची वाट न बघता आधीच चौकशी खिडकीवर विचारून या. पासपोर्ट बदलायचा झाला तर नंबरही बदलेल, आणि तुमचं ऑफर लेटर जुन्या नंबरवर असेल.

गणेश_ना
माझाही प्रश्न इथेच विचारतो. बांधावरून भावकीत भांडण झालं होतं, तेव्हा माझ्यावर चॅप्टर केस झाली. दोन वर्षं झाली. पीसीसीत येईल का?

टेबल_पासपोर्टचं
गणेशराव, ठाण्याच्या रजिस्टरला नोंद असेल तर चौकशीत दिसणार. प्रकरण बंद झालं असेल तर त्या आदेशाची नक्कल घ्या आणि चौकशीच्या दिवशी स्वतःहून दाखवा. लपवलेली नोंद रिपोर्ट लिहिणाऱ्याला जास्त खटकते. पुढे पासपोर्ट ऑफिस काय ठरवेल, ते मी सांगू शकत नाही. आदेश हातात नसेल तर वकिलाला भेटा.

चंद्रभागेकाठचा
टेबलकाका, विजूभाऊ, मीनलताई, मनापासून आभार. घरमालकांना विचारलं. त्यांनी माझी माहिती दिलीच नव्हती. आज आम्ही दोघं ठाण्यात जाऊन आलो, अर्ज जमा झाला. ऑफर लेटरवरचा पासपोर्ट नंबर जुळवून बघितला, बरोबर आहे. चिंचवडच्या पत्त्यावर पीसीसीचा अर्ज भरलाय, देश कुवेत. पैसे भरायच्या आधी सोमवारी खिडकीवर जुन्या पत्त्याचं विचारतो.

विजू_वेल्डर
सोमवारी ते काय म्हणाले ते इथे नक्की लिहा. माझ्या मेहुण्याचाही पासपोर्ट गावच्या पत्त्यावर आहे.