फिशिंग, ओळखचोरी की तोतयेगिरी? तक्रारीत कोणता शब्द लिहायचा?

सातपूरकर: शेजारच्या गृहस्थांना वाहनदंडाचा मेसेज आला. लिंक उघडून त्यांनी कार्ड नंबर आणि ओटीपी टाकला, ४८,००० गेले. तक्रारीत नेमका शब्द कोणता?

अॅड. रेवती: खोट्या लिंकने माहिती काढून घेणं म्हणजे 'फिशिंग', पण हा शब्द माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नाहीच. परिवहन खात्याचं सोंग घेऊन फसवलं, ती तोतयेगिरी, कलम ६६डी. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तशी खूण लबाडीने वापरली, ती ओळखचोरी, कलम ६६सी. इथे दोन्ही लागू शकतात. पण कलम पोलीस ठरवतील. तुम्ही घटनाक्रम लिहा: मेसेजची वेळ, पूर्ण लिंक, व्यवहार क्रमांक.

दिंडोरीवाला: १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला की गुन्हा नोंदला जातोच. आणि पैसे परराज्यातल्या खात्यात गेले असतील तर इथे फक्त झीरो एफआयआर.

अॅड. रेवती: फोन सर्वांत आधी करावा हे बरोबर. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी उरलेली रक्कम गोठवता येते. पण मिळालेला पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. झीरो एफआयआर हद्दीबाहेरच्या गुन्ह्यासाठी. इथे मेसेज नाशिकमध्येच मिळाला, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ नुसार तपास इथेही होऊ शकतो. खरी अडचण सर्व्हर परदेशात असला तर येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७५ मुळे आपला कायदा लागू होतो, पण तिथली नोंद आपल्या पोलिसांच्या हुकमाने मिळत नाही. विनंती फिरत राहते, तोवर लॉग पुसले गेलेले असतात.

सातपूरकर: लिंक parivahan.gov.in ने सुरू होत होती, म्हणून त्यांना खरी वाटली.

अॅड. रेवती: पत्ता पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत घ्या आणि तिथून उलटा वाचा:

```
https://parivahan.gov.in.dand-bhara.example/pay
```

मालक dand-bhara.example आहे, पुढचं gov.in नुसतं सजावटीला.

सिडकोची मेघा: स्क्रीनशॉट काढून मेसेज डिलीट केला तर चालेल ना?

अॅड. रेवती: अजिबात नको. मूळ फोन कोर्टात हजर करून मालकाने साक्ष दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रिंट दिली तर लागतं. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक ते यंत्र ज्याच्या ताब्यात असतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. फाइलचा एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. म्हणून मेसेज फॉरवर्ड करत बसू नका आणि फोन फॉरमॅट करू नका.

सिडकोची मेघा: माझ्या काकांचा फोटो लावून कुणी प्रोफाइल उघडलं आणि नातेवाइकांकडे पैसे मागितले. पासवर्ड तर चोरलाच नाही. मग ओळखचोरी कशी?

दिंडोरीवाला: फोटो चोरला म्हणजे ओळख चोरली, आणखी काय!

अॅड. रेवती: कुणी पैसे दिले असतील तर ६६डी पक्कं. ६६सी ला मात्र 'विशिष्ट ओळखखूण' लागते. उघड पडलेला फोटो त्यात बसतो का, यावर बचावपक्ष भांडणारच. मला वाटतं, नाव, फोटो आणि नातं एकत्र वापरलं तर बसावं.

दिंडोरीवाला: 'बसावं' आणि 'बसतं' यात फरक आहे, वकीलबाई.