नळीतून अन्न इतकं हळू का? तुमचेही अनुभव लिहा

सिस्टरबाई
शेजारच्या वहिनींचा काल रात्री फोन आला. त्यांच्या वडिलांना नाकातून नळी घातलीय आणि मशीनवर तासाला २० चा आकडा दिसतोय. "अहो, वीस मिली म्हणजे चार चमचे! उपाशी मारतायत का?" त्यांना समजावलं, पण नंतर एक जुनी आजी आठवत राहिली. अन्ननलिका आवळलेली, तीन आठवडे चहा आणि पेजेच्या पाण्यावर काढलेले, वजन ३६ किलो. मुलगा शेतकरी, सोबत मावशी. नळी बसल्यावर झालेलं बोलणं आठवतंय तसं लिहिते.

"सिस्टर, आता नळी बसलीय तर आईला पोटभर द्या की."

"देणार आहोत दादा, पण आज नाही. आज तासाला १५ मिली."

"म्हणजे किती?"

"तीन चमचे."

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, एवढं तर मांजर वाटीत सोडून जातं."

"मावशी, हे दिवसरात्र चालू राहणार. चोवीस तासांत ३६० मिली जाईल. या फीडच्या एका मिलीत एक कॅलरी असते, म्हणजे ३६० कॅलरी. आजींच्या वजनाला पुढे हजार-अकराशे लागतील, तेव्हा तासाला ४५ करू. आज त्याचा तिसरा हिस्सा."

"मग ४५ च लावा. उलटी होईल म्हणून घाबरता का?"

"उलटीचीही काळजी आहे, म्हणून तर पलंगाची डोक्याकडची बाजू वर केलीय. पण जास्त काळजी रक्ताची आहे. इतके दिवस उपाशी राहिलं की शरीर साखर वापरणं कमी करतं आणि अंगातल्या चरबीवर भागवतं. एकदम अन्न आलं की इन्सुलिन वाढतं आणि पेशी साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आत ओढून घेतात. आजींच्या अंगात त्यांचा साठाच उरलेला नाही. फॉस्फेट फार खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात, दम लागतो, हृदयाचे ठोके बिघडतात."

"पण रिपोर्ट तर नॉर्मल आलाय. डॉक्टरच म्हणाले."

"हो, फॉस्फेट २.६ आहे. पण उपाशी माणसाचा पहिला रिपोर्ट बरेचदा चांगलाच येतो. अन्न सुरू झालं की दोन-तीन दिवसांत तो खाली येऊ शकतो. म्हणून रोज सकाळी रक्त घेणार."

तो जरा वेळ मशीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ठिबकवर ठेवल्यासारखं."

"तसंच समजा. फक्त इथे रोजचा रिपोर्ट बघून कॉक फिरवायचा."

मावशींचं समाधान नव्हतं झालं. "मग तोवर एखादं ताकदीचं सलाईन तरी लावा. ग्लुकोजचं."

हा प्रश्न मला दर वेळी यायचा, आणि लोक काही चुकीचं विचारत नसतात. "मावशी, ग्लुकोज म्हणजे साखरच. नळीतून कमी दिली आणि शिरेतून भरली, तर फरक काय पडला? आणि साखर वापरायला बी-वन जीवनसत्त्व लागतं, तेही उपासात संपतं. ते नसताना साखर गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून फीडच्या आधी त्याचं इंजेक्शन दिलं आणि पुढेही रोज देणार आहोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉस्फेट १.७. आकडा १५ वरच ठेवला. मुलगा चिडला नाही, पण आवाज चढला. "काल म्हणालात उद्या वाढवू."

"रिपोर्ट बरा असेल तर, असं म्हणाले होते. आज खाली आलाय. शिरेतून फॉस्फेट लावलंय, ते काही तास सावकाश जाईल. फीड बंद केलेलं नाही, फक्त वाढवलं नाही."

"आणि आम्ही काय करायचं?"

"दम लागतोय का, पायावर सूज येतेय का, आजी असंबद्ध बोलतायत का, एवढं बघा. काही वाटलं तर लगेच हाक मारा, राउंडची वाट बघू नका."

तिसऱ्या दिवशी २.४ आलं आणि २० केलं. मग रोज थोडं थोडं. ४५ ला पोचायला आठवडा लागला. मधे मावशींच्या पिशवीत शहाळ्याच्या पाण्याची बाटली सापडली, नळीतून सोडायला आणलेली! त्यात साखरही असते आणि पोटॅशियमही, आणि आम्ही तर दोन्ही मोजून देत होतो. बाटली मी ठेवून घेतली. रागावले मात्र नाही.

तुमच्या घरी असं झालंय का? लिहा.

आप्पा सांगलीकर
बरोबर. उपाशी राहिलं की पोट आक्रसतं, एकदम टाकलं की फुटायची भीती. आमचे आजोबा एकादशी सोडताना आधी ताक घ्यायचे ते याच कारणानं.

खादाड खानदेशी
एकादशीला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. आप्पा, त्या दिवशी पोट आक्रसत नाही, ताणतं 😄

रात्रपाळी
आयसीयूत काम करतो. आप्पा, पोट मंद चालतं हा भाग खरा आहे, फुगतं, जुलाब होतात, पण फुटत नाही. आणि तेवढंच कारण असतं तर नळी पोटाऐवजी लहान आतड्यात टाकून प्रश्न सुटला असता. तिथे टाकली तरी फॉस्फेट पडतंच. शिरेतून पोषण दिलं तरी पडतं. धोका आतड्यात कमी, पेशींत जास्त. एका दिवसाच्या एकादशीने काही होत नाही, निर्धास्त ताक प्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर खायला दिलं आणि त्यातले काही दगावले, तेव्हापासून हे नीट लक्षात आलं. सुरुवात किलोमागे १० ते २० कॅलरीने करतात, अगदी हाडाचा सापळा असेल तर त्याहून कमी. सिस्टरबाईंच्या आजींना १० ने केली, बरोबर केली.

मीनल ठाणे
माझे सासरे. स्ट्रोक, गिळता येत नाही, घरीच आहेत. आम्हाला सांगितलं दर दोन तासांनी २०० मिली सिरिंजने. दुसऱ्याच दिवशी उलटी आणि खोकला. आता १५० देतो, दट्ट्या न दाबता, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू देतो. वीस-पंचवीस मिनिटं जातात, हात दुखून येतो. बरोबर करतोय ना? आणि आधी ओढून बघायचं, पोटात किती उरलंय ते, असं एका सिस्टरनी सांगितलं. दुसऱ्या म्हणतात गरज नाही. कोणाचं ऐकू?

सिस्टरबाई
मीनल, उतरू देता ते उत्तम. सासऱ्यांना अर्धं बसतं करून, आणि नंतर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवा. शेवटी पाण्याने नळी धुवायची, नाहीतर चोंदते. पण २०० चे १५० केले तर दिवसाची बेरीज कमी झाली, ते आहारतज्ज्ञांना सांगा, वेळा वाढवून देतील. ओढून बघायचं म्हणाल तर आमच्या वेळी प्रत्येक फीडआधी बघायचोच. नळीवरची नाकाजवळची खूण मात्र दर वेळी बघा. ती सरकली असेल तर काहीच घालू नका.

रात्रपाळी
ओढून बघण्याबाबत आमच्याच युनिटमध्ये दोन गट आहेत 😐 नव्या मार्गदर्शक सूचना म्हणतात सरसकट नको, त्याने उगाच फीड बंद पडतं. पोट फुगलंय का, उलटी होतेय का ते बघा. आमच्या हेड सिस्टर ऐकत नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

नवी आई २
आमचं बाळ ३१ आठवड्यांचं. त्याला दर दोन तासांनी २ मिली दूध द्यायचे, रोज एक-एक मिली वाढवायचे. मी काचेबाहेर रडायचे. त्यालाही हे फॉस्फेटचंच होतं का?

सिस्टरबाई
नाही गं, इतक्या लहान बाळाचं मुख्य कारण वेगळं. त्याचं आतडंच पुरतं तयार नसतं, घाईने दूध दिलं तर आतड्याला सूज येऊन ते खराब होऊ शकतं. आता कसाय?

नवी आई २
चार वर्षांचा आहे. वरण-भाताला हात लावत नाही, फक्त चकली 🙄

मनोज
सगळं ठीक, पण दुसरी बाजू पण लिहा. माझ्या वडिलांना पाच दिवस २० वरच ठेवलं होतं. एक दिवस सीटीसाठी बंद, एक दिवस नळी निघाली म्हणून बंद, एकदा रात्री पंप वाजत होता आणि कोणी बघितलंच नाही. विचारलं की "हळूहळू वाढवतात". वडील तर आधी नीट जेवत होते, अपघाताच्या दिवशी सकाळी पोहे खाऊन गेलेले.

रात्रपाळी
मनोज, तुमचा मुद्दा अगदी रास्त. चांगलं जेवणाऱ्या माणसाला हा धोका फारसा नसतो. पहिले दिवस गंभीर असतील तर थोडा हात राखतात, पण पाच दिवस २० वर असतील तर कारण सांगता यायला हवं. रक्तदाब टिकवायची औषधं जोरात चालू असतील, पोट फुगलं असेल तर समजू शकतो. वडिलांचं काय होतं ते इथून सांगता येणार नाही. नातेवाइकांनी रोज राउंडला विचारावं की पूर्ण आकडा किती, आज किती चालू आहे, आणि वाढवला नाही तर कशामुळे. सिस्टरबाईंच्या त्या मुलाला तिन्ही उत्तरं मिळत होती, म्हणून तो थांबला.

मनोज
आम्हाला एकही मिळालं नाही. असो.

सिस्टरबाई
मनोज, वाईट वाटलं वाचून. पंप वाजत राहणं मीही पाहिलंय, रात्री एका सिस्टरकडे किती पलंग असतात ते विचारू नका.

खादाड खानदेशी
घरचं मिक्सरमधलं चालतं का? माझ्या काकूंना मुगाचं कढण, दूध, केळं गाळून द्यायचो. तयार फीडचा डबा महाग पडत होता.

मीनल ठाणे
आमचं केळ्याने चोंदलं होतं!! नळी बदलावी लागली.

सिस्टरबाई
चालतं, पण त्यात कॅलरी किती ते कोणाला कळत नाही. पाणी जास्त पडलं की माणूस बारीक होतो आणि घरच्यांना वाटतं दोन लिटर देतोय. ज्यांचं फॉस्फेट बघून वाढवायचंय त्यांना पहिले काही दिवस डब्यातलंच बरं, मोजता येतं. नंतर कृती आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

आप्पा सांगलीकर
वहिनींच्या वडिलांचं काय झालं? आणि ते किती दिवस उपाशी होते ते कळलं का?

सिस्टरबाई
आप्पा, आज २० चे ३० केलेत म्हणे. दोन आठवडे जेवण जेमतेम होतं. फॉस्फेट तपासलंय का विचारा म्हटलं, वहिनी म्हणाल्या विचारून सांगते.