बुट्टूला जीरावन लागतं

रामबागेतली सून: मुलगी साडेचार वर्षांची. दिवाळीपासून आमच्याकडे ‘बुट्टू’ राहतो. कुणाला दिसत नाही. माळ्यावर झोपतो, शाळेच्या व्हॅनमध्ये हिच्या शेजारी बसतो, सकाळी पोहे खातो. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला हिला तिखट लागतो, त्याला मात्र वरून चमचाभर हवा असतो. इथवर ठीक होतं. परवा सासऱ्यांच्या चष्म्याची काडी तुटली आणि ही शांतपणे म्हणाली, “बुट्टूने तोडली. मी नको म्हटलं होतं त्याला.” सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून मोकळ्या झाल्या. नवरा म्हणतो डॉक्टरांना दाखवू. खोटं बोलते म्हणून रागवू, की बुट्टूला ताट वाढू?

निवृत्त हेडमास्तर: रागवा. काडी कुणी तोडली हे साडेचार वर्षांच्या पोरीला पक्कं ठाऊक असतं. ३४ वर्षं शाळेत काढली. पूर्वी पोरं म्हणायची, “मी नाही सर, बंड्याने केलं.” आता बंड्या दिसेनासा झाला, फरक एवढाच. ताट वाढणं म्हणजे थापेला घरचं रेशनकार्ड काढून देणं.

बालवाडीवाली माई: नाना, चष्म्याबद्दल तुमचं अर्धं पटतं, त्यावर येते. पण तुम्ही जीरावनवरून घाईने पुढे गेलात आणि खरी गंमत तिथेच आहे.

तीन वर्षांच्या मुलाला चॉकलेटचा डबा दाखवा. उघडल्यावर आत पेन्सिली निघतात. डबा बंद करून विचारा, “बाहेर बसलेल्या तुझ्या दोस्ताला यात काय आहे असं वाटेल?” ते म्हणणार, पेन्सिली. आपल्याला कळलं ते जगाला कळलं, असा त्यांचा हिशोब असतो. चार-साडेचारच्या सुमाराला हा हिशोब बदलतो आणि उत्तर येतं, “त्याला चॉकलेट वाटेल, त्याला कुठे माहीत आहे!” दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज नेमकी त्या वयात पक्की होत असते. आता तुमच्या लेकीकडे बघा. स्वतःला नकोसा असलेला मसाला ती बुट्टूच्या पोह्यांवर घालायला लावते. एका डोक्यात दोन जिभा सांभाळते आहे पोर.

आणि “मी नको म्हटलं होतं” हेही ऐका. बुट्टू तिचं ऐकत नाही. आपल्याला वाटतं, मुलांनी मनातून उभा केलेला दोस्त म्हणजे हो ला हो करणारा असेल. प्रत्यक्षात असे दोस्त पुष्कळदा हट्टी निघतात. बोलावलं की येत नाहीत, झोपायच्या वेळी गोंगाट करतात, भलत्या जागी येऊन बसतात. सगळं ऐकणारा दोस्त काय, बाहुलीसारखाच. भांडायचं, समजूत काढायची, रुसायचं तर समोरच्याला स्वतःची मर्जी हवी. म्हणून बुट्टू आगाऊ आहे, असं मला वाटतं.

दोन नातींचा आजोबा: एकटेपणा आहे हो, दुसरं काही नाही. हल्ली घरटी एक मूल. आमच्या वाड्यात सतरा पोरं होती, कुणाला बुट्टू लागला नाही. एक भावंड आणा, बुट्टू आपोआप जाईल.

रामबागेतली सून: काका, भावंडाचं तूर्त राहू द्या! आणि ती एकटी नाहीये. संध्याकाळी खाली चार जणी असतात, ती खेळते त्यांच्याशी. बुट्टूला खाली नेत नाही, म्हणते त्याला मच्छर चावतात.

बालवाडीवाली माई: आजोबा, पहिल्या आणि एकुलत्या मुलांत हे जास्त दिसतं, तेवढं तुमचं बरोबर. पण ते मोकळ्या वेळामुळे होतं. दुःखामुळेच होतं असं नाही. अशी मुलं लाजाळू किंवा मित्र नसलेली असतात ही समजूत तपासात टिकली नाही. अमेरिकेत मार्जोरी टेलर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. २००४ सालच्या त्यांच्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या साधारण ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा कल्पित सोबती होता. त्यात जिवंत मानलेल्या बाहुल्याही धरल्या आहेत हे खरं, पण तरी इतकी मुलं एकटी-दुःखी कशी असतील? आणि तुमच्या वाड्यातल्या सतरांपैकी किती जणांना बुट्टू होता हे तुम्हाला कळलं असतं का? पुष्कळ आईबापांनाही पत्ता नसतो.

वडोदऱ्याचा बाबा: आमच्याकडेही हेच! मुलगा पावणेचारचा, कापडी हत्ती एक मिनिट सोडत नाही. त्याला न्हाऊ घालतो, ताप आला म्हणून कपाळावर ओली पट्टी ठेवतो. धुवायला टाकला तर रडून गोंधळ. ही सवय कशी सोडवावी?

बालवाडीवाली माई: सोडवायची कशाला? पण तुमचं प्रकरण थोडं निराळं आहे. हत्तीशी तो आई होऊन वागतो, सांभाळणारा तो आणि लहान हत्ती. न दिसणाऱ्या दोस्ताशी नातं बहुधा बरोबरीचं असतं. बुट्टू हिच्याशी भांडतो, तुमचा हत्ती भांडत नसेल. धुवायचं तर रात्री तो झोपल्यावर धुवा आणि सकाळी पंख्याखाली वाळत ठेवलेला दाखवा.

ग्वाल्हेरकर: कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माळ्यावर राहतो, तिखट खातो. हे मागच्या जन्मीचं नसेल कशावरून? गाव कुठलं, घर कसं होतं, हे विचारून बघा.

बालवाडीवाली माई: हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अँटोनिया मिल्स यांनी २००३ मध्ये या दोन गोष्टी शेजारी ठेवून एक लेख लिहिला होता. पूर्वजन्म सांगणारी मुलं आणि कल्पित दोस्त असणारी मुलं, या एकाच जातीच्या गोष्टी आहेत का, असा त्यांचा प्रश्न. मला त्यातला फरक असा दिसतो की पूर्वजन्माच्या गोष्टीत मूल म्हणतं “मी तो होतो”, आणि इथे म्हणतं “तो माझ्याजवळ आहे.” पण मोठी माणसं कोणता प्रश्न विचारतात यावरही गोष्ट वळते. “गाव कुठलं” असं चार वेळा विचारलंत तर पाचव्या वेळी गाव मिळेलच. एका पाहणीत नेपाळमधल्या मुलांनी असे सोबती केनिया, मलावी, डोमिनिकन रिपब्लिकच्या मुलांपेक्षा बरेच कमी सांगितले. आपल्याकडे मुळात कमी असतात, की घरात कुणी विचारत नाही, हे मला अजून सुटलेलं नाही.

निवृत्त हेडमास्तर: माई, तुमची जीरावनची गोष्ट छान आहे, पण सिद्ध काय झालं? बुट्टू आला म्हणून पोरीची समज वाढली, की पोर आधीच चलाख होती म्हणून बुट्टू सुचला?

बालवाडीवाली माई: अगदी नेमकं बोट ठेवलंत, आणि त्याचं सरळ उत्तर नाही. १९९७ मध्ये टेलर आणि कार्लसन यांनी तीन-चार वर्षांच्या १५२ मुलांना त्या डब्यासारखे प्रश्न विचारले. चार वर्षांच्या मुलांत, कल्पनेच्या खेळात रमणारी थोडी सरस ठरली. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. मला जास्त पटतो तो न्यूझीलंडचा एक अभ्यास. साडेपाच वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगायला लावली. कल्पित दोस्त असलेल्यांचा शब्दसंग्रह बाकीच्यांइतकाच होता, पण गोष्ट जास्त भरलेली होती. कोण काय म्हणालं, कधी, कुठे, हे त्यांनी ऐकणाऱ्याला नीट पोचवलं. बुट्टूने आज काय केलं हे ज्याने तो पाहिलाच नाही त्याला रोज सांगायचं, तर सवय होणारच. हा माझा तर्क.

मुलांची समज कशी वाढते याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेच्या मुलीनेही चारच्या आसपास एक प्राणी बनवला होता. त्याचं नाव जवळपास आपल्या ‘असो’सारखं ऐकू येतं. नवीन काही शिकायचं असलं की तो धीर द्यायचा, वाईट वाटलं की समजूत काढायचा. पुढे तो नाहीसा झाला.

रामबागेतली सून: माई, सगळं वाचलं, पण मी आज नक्की काय करू? आणि डॉक्टर?

बालवाडीवाली माई: आधी एक करा. ती खेळत असताना, चौकशीचा सूर न लावता विचारा, बुट्टू केवढा आहे, दिसतो कसा, त्याला काय आवडत नाही. उत्तरं लिहून ठेवा. तीन-चार दिवसांनी परत विचारा. मुलं आपल्याला खूश करायला जागच्या जागीही दोस्त तयार करतात, म्हणून अभ्यास करणारेही दोनदा विचारतात आणि आईकडून वेगळं ताडून घेतात. तपशील थोडे बदलले तर बिघडत नाही.

मग हे बघा. आंघोळीला किंवा बागेत जायला हाक मारली की बुट्टूला सोडून येते का? नको असेल तेव्हा त्याला पाठवून देते का? दोन्ही होत असेल तर लगाम तिच्या हातात आहे. ती त्याला घाबरते, तो जा म्हटल्यावर जात नाही म्हणून रडते, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो, किंवा बुट्टू आला तेव्हापासून झोप, बोलणं, शू-शी यांत मागे गेली, तर मात्र नवऱ्याचं ऐका आणि दाखवा. नुसता हट्टी बुट्टू हे कारण नाही.

चष्म्याचं सांगते. “खोटं बोलतेस” म्हणू नका, “बुट्टूला ओरडते” असंही म्हणू नका. “काडी तुटली, आता दोघं मिळून आजोबांना मदत करा,” एवढंच. नुकसान तिनेच भरायचं.

निवृत्त हेडमास्तर: म्हणजे शिक्षा माझीच, फक्त गोड भाषेत.

बालवाडीवाली माई: शिक्षा नव्हे, निस्तरणं. तुमची छडी यात नाही.

रामबागेतली सून: पाच दिवसांनी लिहितेय. पहिल्यांदा बुट्टू “माझ्या खांद्याएवढा, निळा शर्ट” होता. काल विचारलं तर शर्ट हिरवा झाला होता, पण खांद्याएवढाच, आणि अजूनही दूध आवडत नाही. हाक मारली की येते. सासूबाईंनी दृष्टीचं सोडलं, पण परवा मनावर घेऊन वेगळ्या बशीत पोहे आणि जीरावन वाढलं. तर ही त्यांच्या कानाशी जाऊन म्हणते, “आजी, तो खरा नाहीये, माहितीये ना तुला? उगीच पोहे वाया जातील.” सासूबाई दिवसभर हसत होत्या.

चष्मा दुरुस्तीला न्यायच्या दिवशी मी म्हटलं, चला, दोघंही. तर म्हणाली, बुट्टू मावशीकडे देवासला गेलाय, रविवारी येईल. दुकानात एकटीच आली आणि आजोबांचा चष्मा दोन्ही हातांनी धरून बसली.

निवृत्त हेडमास्तर: बघा, माझ्या शाळेतला बंड्याही निस्तरायच्या वेळी देवासलाच असायचा.