ऑफिसला सायकल की चालत? ५ किमी, गुडघा दुखतोय आणि वेळही वाचत नाही

घाईतली_सकाळ
ऑफिस ५ किमीवर. व्यायाम व्हावा आणि वेळ वाचावा म्हणून दोन आठवड्यांपासून सायकलने जातोय. गुडघा दुखायला लागलाय, आणि घरातून निघून खुर्चीत बसेपर्यंत पाऊण तास जातो. सायकल सोडून चालत जाऊ का? जरा लवकर सांगा, सोमवारपासून काय ते ठरवायचंय.

पायवाट
चालतच जा. मी सहा वर्षं चालत जाते, अंतर जवळपास तुमच्याएवढंच. ५५ मिनिटं लागतात, घाम बेताचा येतो, डोकं शांत होतं.

चढउतार
@पायवाट, त्यांना वेळ वाचवायचाय. जाऊन-येऊन दोन तास रोज कुठून काढणार? शिवाय सवय नसताना एकदम रोज १० किमी चाललं की नडग्या आणि टाचा दुखायला लागतात.

जुना_पायडल
गुडघा नेमका कुठे दुखतो, वाटीच्या पुढे की मागे? सायकलला गिअर आहेत का? सीटवर बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकतात का? आणि ही ४५ मिनिटं कुठे कुठे जातात ते फोडून सांगा. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाजच.

शांत_संध्याकाळ
माझ्या आईचाही गुडघा असाच सुरू झाला होता, शेवटी बदलावा लागला. अंगावर काढू नका.

घाईतली_सकाळ
पुढे, वाटीपाशी. चढाला जास्त. सीट बरोबर आहे, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. मागे सात गिअर आहेत, पण मी जड गिअरवरच ठेवतो, जोर लागला की व्यायाम होतो. वेळ म्हणाल तर सायकलवर २२ मिनिटं, लावून कुलूप घालायला ४, घाम सुकायला १५, कपडे बदलायला ४. आधी बसने जायचो, तेव्हा ५० लागायची.

जुना_पायडल
सीट बरोबर नाही, खूप खाली आहे. बसून दोन्ही तळवे टेकतात म्हणजे पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि त्याच अवस्थेत तुम्ही जड गिअरवर जोर देता. तो सगळा भार वाटीच्या मागच्या भागावर येतो. म्हणून पुढे दुखतं, चढाला जास्त दुखतं.

भिंतीला धरून सीटवर बसा. एक पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. दांडीवर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर सीट काढू नका. गिअर असा ठेवा की मिनिटाला साधारण ७० ते ८० फेरे होतील.

वेगवान
जितकी उंच तितकी चांगली. चवड्यावरही पाय सरळच व्हायला हवा, ताकद वाया जात नाही.

जुना_पायडल
@वेगवान, नाही. तेवढी उंच केली की प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि दुखणं गुडघ्याच्या मागे जातं. मागून कोणाला तरी बघायला सांगा, लगेच दिसतं.

घाईतली_सकाळ
पण मग सिग्नलला पाय कसे टेकणार? रहदारीत भीती वाटते.

चढउतार
थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय खाली, दुसरा पायडलवर. रिकाम्या जागेत वीसेक वेळा करून बघा.

पायवाट
ही भीती खरी आहे, उडवून लावू नका. मी त्यामुळेच सायकल सोडली.

जुना_पायडल
मान्य. मग एकदम पूर्ण उंचीवर न जाता दर दोन-तीन दिवसांनी एक सेंटीमीटर वाढवा. आता वेळ. तुमची १५ मिनिटं घाम खातोय. सॅक पाठीवर असेल तर ती कॅरिअरला बांधा, आणि शेवटचा एक किलोमीटर हलक्या गिअरवर रमतगमत जा. सायकलवर दोन मिनिटं वाढतील, पण उतरल्यावर दहा वाचतील. व्यायाम येतानाच्या फेरीत काढा, तेव्हा भिजलात तरी चालतं. गुडघ्याला सूज आली किंवा तो अडकायला लागला तर मात्र डॉक्टरांकडे जा.

नवीन_चाक
सॅकवरून आठवलं, लॅपटॉप कॅरिअरवर ठेवला तर खड्ड्यांनी खराब होतो का?

चढउतार
@नवीन_चाक, जाड फोमच्या पाकिटात उभा ठेवा. मी तसाच नेतो. पण नवा धागा काढा हो.

घाईतली_सकाळ
दहा दिवसांनी लिहितोय. टाच ठेवून बघितली तेव्हा गुडघा चांगलाच दुमडलेला होता. आतापर्यंत सीट साडेतीन सेंटीमीटर वर घेतली, अजून थोडी बाकी आहे. सपाट रस्त्यावर दुखणं थांबलंय, शेवटच्या चढाला अजून जाणवतं. सॅक कॅरिअरवर. काल दारापासून खुर्चीपर्यंत ३८ मिनिटं.

जुना_पायडल
त्या चढाला आधीच सगळ्यात हलका गिअर घ्या, चढावर अडकल्यावर बदलू नका. तरी दुखलं तर सीट पुढे-मागे किती आहे ते बघावं लागेल. बाजूने फोटो टाका.