मदत हवी आहे: ३ वर्षं न हललेले दोन स्पेअर ड्राइव्ह ठेवायचे की काढायचे?

कन्व्हेयर_८

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ८ कन्व्हेयर आहेत आणि आठांवर एकाच मॉडेलचे ७५ किलोवॉटचे व्हीएफडी बसवलेत. स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचे २ नवे ड्राइव्ह खोक्यात पडून आहेत. ३ वर्षांत एकही बाहेर निघालेला नाही. लेखा विभागाचा नियम असा की ३ वर्षं न हललेला माल नॉन-मूव्हिंग धरायचा आणि काढून टाकायचा. दोन्हींची नावं आता त्या यादीत आली आहेत.

माहिती अशी: १० वर्षांत आठ ड्राइव्ह मिळून ४ बिघाड. त्यातले दोन वीजपुरवठ्यातल्या गडबडीनंतर एकाच आठवड्यात झाले. नवा ड्राइव्ह मागवला तर हातात यायला ६ महिने लागतात. एक कन्व्हेयर दिवसभर थांबला तर साधारण दोन ड्राइव्हच्या किमतीइतकं नुकसान होतं. स्पेअर नसेल तर दुसऱ्या मॉडेलचा ड्राइव्ह कुठून तरी आणून, वायरिंग बदलून लाइन चालू करायला ३ दिवस जातात.

प्रश्न दोन. स्पेअर एक ठेवावा, दोन ठेवावेत की एकही नको? आणि लेखा विभागाला पटेल अशी मांडणी कशी करायची?

साठा_आणि_शिस्त

सोपं आहे. मागच्या ३ वर्षांचा सरासरी वापर काढा, त्यावरून मिनिमम आणि मॅक्झिमम पातळी ठरवा आणि ईआरपीमध्ये रीऑर्डर पॉइंट टाका. सिस्टम आपोआप सांगेल किती ठेवायचे ते. बेल्ट, बेअरिंग, फ्यूज सगळं आम्ही असंच चालवतो.

पॅनेलवाली

@साठा_आणि_शिस्त, बेल्ट-फ्यूजसाठी तुमची पद्धत बरोबर आहे, पण इथे ती चालणार नाही. ३ वर्षांचा वापर शून्य, म्हणजे सिस्टम रीऑर्डर पॉइंटही शून्य देणार. लेखा विभाग नेमकं हेच म्हणतोय. क्वचित लागणाऱ्या वस्तूचा वापर किती झाला हे बघून उपयोग नाही. ती मागवून हातात येईपर्यंतच्या काळात तिची गरज पडण्याची शक्यता किती, ते बघायचं.

@कन्व्हेयर_८, तुमचेच आकडे घेऊ. १० वर्षांत ४ बिघाड म्हणजे वर्षाला ०.४. आधी लेखा विभागाच्या नियमाकडे बघा. या दराने सलग ३ वर्षं एकही बिघाड न होण्याची शक्यता सुमारे ३०% निघते. म्हणजे ड्राइव्ह ३ वर्षं हलला नाही यात नवल काहीच नाही. त्यावरून तो लागणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तुमच्या टिपणीत हे वाक्य सगळ्यात वर असू द्या.

आता संख्या. ६ महिन्यांच्या पुरवठा काळात सरासरी ०.२ बिघाड होतात. शीटमध्ये ही दोन सूत्रं टाका:

```
=1-EXP(-0.4*6/12)
=1-POISSON.DIST(1,0.4*6/12,TRUE)
```

पहिल्याचं उत्तर ०.१८१. स्पेअर एकच ठेवला आणि वापरला की लगेच नवा मागवला, तरी साधारण दर साडेपाच बिघाडांपैकी एका वेळी स्टोअर रिकामं सापडेल. दुसऱ्याचं उत्तर ०.०१७५. दोन ठेवले तर हे साधारण ५७ बिघाडांत एकदा घडेल.

आता पैसे. स्पेअर ठेवण्याचा वर्षाचा खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या २०% धरू. यात अडकलेला पैसा, जागा आणि मॉडेल जुनं होण्याचा धोका आला. तुमचा लेखा विभाग वेगळा टक्का धरत असेल तर तोच घ्या, नाहीतर वाद त्यावरच अडेल.

एकही स्पेअर नसेल तर वर्षाला ०.४ वेळा हात रिकामे राहतील, एक असेल तर ०.०७२ वेळा. म्हणजे पहिला स्पेअर वर्षाला सुमारे ०.३३ प्रसंग वाचवतो. ०.२ ला ०.३३ ने भागलं की ०.६ येतात. एका प्रसंगाचं नुकसान ड्राइव्हच्या ०.६ पटीहून जास्त असेल तर पहिला स्पेअर परवडतो. दुसरा स्पेअर उरलेल्या ०.०७२ मधले ०.०६५ वाचवतो, म्हणून त्याची सीमा सुमारे ३ पट येते. तुमचं नुकसान ३ दिवस गुणिले २, म्हणजे ६ पट. तेव्हा दोन्ही ठेवा. तिसरा घ्यायचा विचारही नको.

जुना_फिटर

हिशोब ठीक आहे, पण मला वाटतं एक पुरतो. पुरवठादाराशी वार्षिक करार करा, ड्राइव्ह त्याच्या गोदामात राहू दे. पैसा त्याचा अडकतो आणि आपल्याला महिन्याभरात माल मिळतो.

पॅनेलवाली

महिन्याभरात खरोखर मिळत असेल तर तुमचं बरोबर आहे. सूत्रात 6 च्या जागी 1 टाका, ०.१८१ चे ०.०३३ होतात. मग दुसऱ्या स्पेअरची सीमा सुमारे १५ पटीवर जाते आणि ६ पट नुकसानीला तो परवडत नाही.

पण करारातला शब्द नीट वाचा. "साठा उपलब्ध ठेवू" असं लिहिलेलं असतं, पण तोच एक ड्राइव्ह पाच गिऱ्हाइकांसाठी मोजलेला असू शकतो. आपल्या नावाचा सिरियल नंबर करारात हवा, तो वर्षातून एकदा गोदामात जाऊन बघायचा हक्क हवा, आणि ड्राइव्ह इतरांना दिल्यास किती दिवसांत भरून देणार तेही हवं. हे नसेल तर शीटमध्ये ६ महिनेच ठेवा.

आणखी एक. हे सूत्र बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात असं धरतं. तुमचे दोन एकाच आठवड्यात गेले, म्हणजे कारण एकच होतं. अशा जोडीने येणाऱ्या बिघाडांत एक स्पेअर सूत्र सांगतं त्यापेक्षा जास्त वेळा अपुरा पडतो. दुसऱ्या स्पेअरची बाजू त्यामुळे आणखी भक्कम होते. पॅनेलच्या इनकमरवर सर्ज प्रोटेक्शन आहे का, असेल तर त्याची खूणपट्टी लाल झाली आहे का, तेही बघून घ्या. तिथला छोटा मोड्यूल बदलणं दोन ड्राइव्ह गमावण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

कन्व्हेयर_८

खूप आभार. टिपणी लिहायला घेतली. खोक्यातले दोन्ही ड्राइव्ह ३ वर्षांहून जास्त काळ बंद आहेत. वेळ आली की थेट लावले तर चालतील ना?

इन्व्हर्टर_दुरुस्ती

थेट लावू नका! आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्होल्टेजशिवाय पडून राहिले की त्यांचा ऑक्साइडचा थर झिजतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती करंट वाढतो, कपॅसिटर तापतो आणि फुगतो किंवा वाफ सोडून फुटतो. ब्रेकडाउनच्या रात्री नवा कोरा स्पेअर चालू करताच जातो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

थ्री फेज व्हेरिएकने व्होल्टेज हळूहळू चढवायचं. मोटर सोडवलेली हवी आणि रन कमांड द्यायची नाही. ३ वर्षांहून जास्त पडून असलेल्या ४०० व्होल्टच्या ड्राइव्हला १००, २००, ३०० आणि ४०० अशा चार पायऱ्या, प्रत्येकीवर २ तास. २ ते ३ वर्षं पडून असेल तर पायरीला अर्धा तास पुरतो. १ ते २ वर्षं असेल तर चालवण्याआधी तासभर नुसता सप्लाय देऊन ठेवला की झालं. कंपनीगणिक हे थोडं बदलतं, म्हणून तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल शेवटचा शब्द. पहिल्या पायरीला डिस्प्ले लागणार नाही, घाबरू नका. कुठल्याही पायरीला करंट हळूहळू उतरायला हवा. उतरत नसेल किंवा खोकं गरम लागत असेल तर तिथेच थांबा. काम संपल्यावर सप्लाय तोडून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा आणि डीसी बसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री झाल्याशिवाय कव्हर उघडू नका.

हे वर्षातून एकदा करून खोक्यावर तारीख लिहिली की ऐन वेळी ८ तास घालवावे लागत नाहीत.

साठा_आणि_शिस्त

माझी पद्धत इथे चालत नाही हे कळलं. आमच्याकडे ड्राइव्ह नाही, पण मोठी मोटर स्पेअर म्हणून ठेवलेली आहे. तिलाही असंच काही करावं लागतं का?

इन्व्हर्टर_दुरुस्ती

मोटरचं दुखणं वेगळं. शेजारच्या मशिनची थरथर तिच्या उभ्या बेअरिंगला पोचली की गोळ्या एकाच जागी घासून रेसवर खळगे पाडतात, आणि चालू केल्यावर पहिल्या दिवसापासून आवाज येतो. थरथर पोचणार नाही अशा जागी, रबरी पॅडवर ठेवा. शाफ्ट महिन्यातून एकदा हाताने काही फेरे फिरवून आधीपेक्षा वेगळ्या कोनात थांबवा. स्पेस हीटर असेल तर तो चालू ठेवा.

जुना_फिटर

ड्राइव्हबद्दल दोन गोष्टी राहिल्या. चालू आठही ड्राइव्हचे पॅरामीटर आजच वेगवेगळे उतरवून घ्या, कारण आठ कन्व्हेयरचे रॅम्प टाइम आणि करंट लिमिट एकसारखे नसतात. आणि खोकी उघडून बघा. स्पेअरमधला कीपॅड, पंखा किंवा कम्युनिकेशन कार्ड कुणीतरी "तात्पुरतं" काढून नेलेलं असतं आणि नोंद नसते. सगळं जागेवर असेल तर खोक्याला सील लावा, सील तुटलं की कारण लिहायचं.

वार्षिक शटडाउनमध्ये एक चालू ड्राइव्ह उतरवून त्याच्या जागी स्पेअर लावावा असंही माझं मत आहे. कपॅसिटर ताजे राहतात आणि बदलायचा सरावही होतो.

पॅनेलवाली

सील आणि पॅरामीटरबद्दल पूर्ण सहमत. अदलाबदल मला पटत नाही. नीट चालणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबल सोडून पुन्हा आवळायच्या म्हणजे ढिल्या लगचा नवा धोका ओढवून घ्यायचा. वर्षातून एकदा टेबलावर व्हेरिएकने काम होतं.

जुना_फिटर

टॉर्क रेंच वापरला आणि आठवड्याने थर्मल कॅमेऱ्याने टर्मिनल बघितले तर तो धोका राहत नाही. टेबलावर लोड येत नाही, म्हणून आयजीबीटीची खरी परीक्षा तिथे होतच नाही.

कन्व्हेयर_८

खोकी उघडली. एकातलं कम्युनिकेशन कार्ड खरंच गायब आहे. लेखा विभागाने टिपणी ठेवून घेतलीय, उत्तर अजून नाही. दरम्यान कंपनीचं पत्र आलं की हे मॉडेल बंद होणार आहे. आता तेच आणखी घेऊन ठेवायचे का?

पॅनेलवाली

नका घेऊ. येत्या शटडाउनमध्ये एक-दोन कन्व्हेयरवर नवं मॉडेल बसवा. माउंटिंगची भोकं, केबलची लांबी आणि कम्युनिकेशनचा पत्ता जुळवायचं काम तेव्हा सवडीने होईल. उतरवलेले जुने ड्राइव्ह बाकीच्या सहा-सातांचे स्पेअर होतील आणि हरवलेलं कार्डही त्यातून मिळेल. फक्त ते १० वर्षं चाललेले आहेत, तेव्हा त्यांना नव्या स्पेअरच्या बरोबरीने मोजू नका. पंखा बदला आणि कपॅसिटरची कपॅसिटन्स मोजून खोक्यावर लिहा. नव्या मॉडेलचा स्पेअर घ्यायचा की नाही, ते पुरवठादार त्याचा पुरवठा काळ लेखी काय देतो यावर ठरेल. तो आकडा आला की इथे टाका.